नदीकाठची कवटी : अणुचाचण्यांच्या कार्बनवरून एका बालकाचे जन्मवर्ष कसे ठरले

पार्श्वभूमी

१९६८ मध्ये उत्तर कॅनडातल्या एका नदीच्या काठावर लहान मुलाची कवटी सापडली. त्या वेळच्या तपासणीत मूल ७ ते ९ वर्षांचे असावे, असा अंदाज नोंदवला गेला. त्या वयाच्या मुलाशी ओळख जुळली नाही आणि प्रकरण थंडावले. कवटी मात्र दफन न करता जपून ठेवली गेली, आणि पुढचे सगळे त्यामुळेच शक्य झाले.

२००५ मध्ये प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि कवटी सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या न्यायवैद्यक संशोधन केंद्रात आली. तिथे मानवशास्त्रीय मोजमापे आणि डीएनए तपासणी झाली. दातांच्या एनॅमलमधला, म्हणजे बाहेरच्या कठीण थरातला, कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत मोजला गेला. कवटी सापडल्यापासून ४१ वर्षांनी तिची कायदेशीर ओळख निश्चित झाली. २०१२ मध्ये या कामाचा वृत्तांत न्यायवैद्यक शास्त्राच्या नियतकालिकात आला. मुलाचे आणि कुटुंबाचे नाव इथे दिलेले नाही, प्रकरण समजून घेण्यासाठी ते लागतही नाही.

अडचण नेमकी कुठे होती

अनोळखी अवशेषांच्या तपासात ‘डीएनए काढा, जुळवा, नाव मिळेल’ असे अनेकांना वाटते. पण डीएनए जुळवायला समोर दुसरा कोणीतरी लागतो. कोणाशी जुळवायचे हे ठरवण्यासाठी आधी बेपत्ता व्यक्तींची यादी छाटावी लागते, आणि ती छाटायची म्हणजे दोन गोष्टी माहीत हव्यात : माणूस केव्हा जन्मला आणि केव्हा मेला.

नदीकाठच्या सुट्या कवटीबाबत या दोन्ही गोष्टी अंधारात असतात. पाण्याने धुतलेले, उन्हात वाळलेले हाड वीस वर्षांचे आहे की दोनशे, हे डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. हाड जुने असेल तर ते पुरातत्त्व खात्याचे किंवा स्थानिक आदिवासी समाजाचे, नवे असेल तर पोलिसांचे. या प्रकरणात भर पडली ती वयाच्या अंदाजाची. ७ ते ९ वर्षांचे मूल शोधणारा माणूस साडेचार वर्षांच्या बेपत्ता मुलाच्या कागदावर नजर टाकून पुढे जातो. त्यात त्याचा दोष नसतो, त्याला दिलेला आकडाच त्याला तिकडे वळवत असतो.

अणुचाचण्यांचा कार्बन दातात कसा राहतो

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून जमिनीवर आणि हवेत मोठ्या प्रमाणावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. स्फोटातून सुटलेले न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनवर आदळले आणि त्यातून कार्बन-१४ तयार झाला. तो कार्बन डायऑक्साइड बनून हवेत मिसळला. १९५५ च्या आधीची नैसर्गिक पातळी १.०० धरली, तर उत्तर गोलार्धात १९६३-६४ च्या सुमारास ती जवळपास दुप्पट झाली. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत अंशतः चाचणीबंदीचा करार झाला आणि त्यानंतर पातळी उतरू लागली.

ही उतरण कार्बन-१४ च्या किरणोत्सारी ऱ्हासामुळे नाही. त्याचे अर्धायुष्य ५७३० वर्षांचे आहे, त्यामुळे माणसाच्या आयुष्यात होणारा ऱ्हास नगण्य असतो. उतरण झाली कारण हवेतला जादा कार्बन समुद्रात आणि झाडामातीत शोषला गेला. पुढे कोळसा आणि तेलाच्या धुराने हवेत कार्बन-१४ नसलेला कार्बन ओतला आणि पातळी आणखी खाली ओढली.

झाडे हवेतून कार्बन घेतात, माणूस झाडे खातो किंवा झाडे खाणारी जनावरे खातो. त्यामुळे शरीरात त्या त्या वर्षाच्या हवेची खूण येते. शरीरातला बहुतेक कार्बन बदलत राहतो, पण दाताचे एनॅमल एकदा तयार झाले की त्यात नवा कार्बन येत नाही. एनॅमलमध्ये वजनाच्या साधारण ०.४ टक्के कार्बन असतो, तो कार्बोनेटच्या रूपात खनिजात अडकलेला असतो. कोणता दात कोणत्या वयात तयार होतो हे दंतशास्त्राला चांगले ठाऊक आहे. म्हणून एनॅमलमधली पातळी मोजायची, हवेच्या नोंदीवरून वर्ष वाचायचे आणि त्यातून दात तयार होण्याचे वय वजा करायचे, की जन्मवर्ष हाती येते.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग, लिव्हरमोरचे ब्रूस बुकहोल्झ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही पद्धत मांडली. ज्यांचे वय आधीच ठाऊक होते अशा २२ व्यक्तींचे ३३ दात त्यांनी तपासले. सरासरी चूक १.६ वर्षांची होती. प्रौढांच्या सांगाड्यावरून काढलेला वयाचा अंदाज सहज ५ ते १० वर्षांनी चुकतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. नदीकाठच्या कवटीचे प्रकरण उघडले गेले तेही याच वर्षी.

कोणते पर्याय होते

थेट डीएनएपासून सुरुवात करणे हा पहिला पर्याय. पण जुन्या, पाण्यात पडलेल्या हाडात पेशीकेंद्रातला डीएनए तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचा डीएनए प्रत्येक पेशीत शेकडो प्रतींत असतो, त्यामुळे तो टिकून मिळण्याची शक्यता जास्त असते. त्याची मर्यादा अशी की तो फक्त आईकडून येतो आणि मातृवंशातल्या सगळ्यांचा एकच असतो. भाऊ, बहीण, मावशी, आजी, मावसभाऊ यांच्यात तो फरक करू शकत नाही. लहान वस्तीत अनेक कुटुंबांचा मातृवंश एकच निघू शकतो. म्हणून तो जुळला तरी ‘हाच तो’ असे एकट्याच्या बळावर म्हणता येत नाही.

दुसरा पर्याय ॲस्पार्टिक आम्लाच्या रूपांतराचा. दातातले हे अमिनो आम्ल वयाबरोबर हळूहळू आपले रूप बदलते, त्यावरून मृत्यूसमयीचे वय निघते. प्रौढांसाठी हे फार उपयोगी आहे, कारण कार्बन जन्मवर्ष देतो, हे मृत्यूचे वय देते आणि दोन्हींच्या बेरजेतून मृत्यूचे वर्ष मिळते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र दातांची वाढ पाहून वय याहून कितीतरी नेमके निघते, त्यामुळे इथे त्याची गरज नव्हती.

तिसरा पर्याय हाडातला कार्बन मोजण्याचा. हाड बदलत राहते, म्हणून त्याची पातळी जन्मापेक्षा मृत्यूकडे झुकलेली असते. मुलांच्या हाडात हा बदल जलद होतो, तरी कवटीच्या हाडासाठी तो नेमका किती, हे सांगता येईल इतके पक्के गणित नाही. मुख्य आधार म्हणून तो कमकुवत.

चौथा पर्याय एनॅमलचा. त्याची किंमत अशी की दात नष्ट होतो. एका लहानग्याच्या अवशेषांतला दात विरघळवायचा, तर उत्तराची शक्यता तितकी ठोस असायला हवी. माझ्या मते इथे ती होती, आणि त्याचे कारण कवटी सापडल्याची तारीख. ते पुढे पाहू.

काय केले : आधी वय, मग वर्ष

आधी ते काम झाले ज्यात काहीही नष्ट होत नाही. कवटीची मोजमापे, हाडांचे सांधे कितपत जुळले आहेत, आणि जबड्याच्या आत दात कुठवर वाढले आहेत, हे पाहिले गेले. तिन्हींतून मृत्यूसमयीचे वय ४.४ वर्षे निघाले, एक वर्ष इकडेतिकडे. १९६८ चा ७ ते ९ चा अंदाज इथेच मागे पडला.

या वयात दात का बोलके असतात ते समजून घेण्यासारखे आहे. दुधाचे सगळे दात बाहेर आलेले असतात. कायमची पहिली दाढ हिरडीच्या आत असते आणि तिचा मुकुट, म्हणजे मुळांवरचा भाग, पूर्ण झालेला असतो, कारण तो जन्माच्या सुमारास सुरू होऊन अडीच-तीन वर्षांत संपतो. कायमच्या पुढच्या दातांचे मुकुट पूर्ण होत आलेले असतात आणि पहिल्या दाढेमागच्या दुसऱ्या दाढेचा मुकुट अजून घडत असतो. क्ष-किरण चित्रात ही सगळी अवस्था एकाच वेळी दिसते. बाहेरून फक्त कवटीचा आकार पाहणाऱ्याला ती दिसत नाही. आकार मुलागणिक, वंशागणिक, खाण्यापिण्यागणिक बदलतो, दातांची वाढ त्या मानाने फार कमी ढळते.

मग दोन दातांचे एनॅमल कार्बनसाठी दिले गेले. दोन दात घेण्यामागे पक्के कारण आहे. हवेतली पातळी आधी चढली आणि मग उतरली, त्यामुळे शिखर सोडून प्रत्येक पातळी दोनदा येते. एनॅमलमध्ये १.२५ मिळाली तर ती १९६० च्या आसपासची असू शकते किंवा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचीही. एकाच माणसाचे, वेगवेगळ्या वयात घडलेले दोन दात घेतले तर उत्तर मिळते : उशिरा घडलेल्या दातात पातळी जास्त असेल तर आपण चढावर आहोत, कमी असेल तर उतारावर.

प्रयोगशाळेत दाताचे काय होते

या पद्धतीत मुकुट मुळापासून हिरडीच्या रेषेवर कापून वेगळा करतात. मुकुटाच्या आत, एनॅमलखाली, डेंटिन हा मऊ थर असतो आणि तो पूर्ण काढावा लागतो, कारण डेंटिनमध्ये कोलॅजन हे प्रथिन असते आणि त्याचा घडण्याचा काळ वेगळा. यासाठी मुकुट १० नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून ध्वनिलहरींच्या पात्रात कोमट ठेवतात. द्रावण रोज बदलतात आणि मऊ झालेला भाग खरवडून काढतात. तीन ते पाच दिवसांत पांढरेशुभ्र, काचेसारखे एनॅमल उरते. पिवळट किंवा अपारदर्शक ठिपका दिसला तर डेंटिन शिल्लक आहे असे समजून पुन्हा द्रावणात टाकावे लागते.

स्वच्छ एनॅमल धुऊन वाळवतात. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ ठेवून त्याचा बाहेरचा थर विरघळवतात, कारण अल्कलीत असताना पृष्ठभागाने हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडलेला असतो, आणि मातीतले कार्बोनेटही तिथेच चिकटलेले असते. आजच्या हवेतला कार्बन नमुन्यात शिरला तर तो पातळी १.०० कडे ओढतो. चढावरच्या दातासाठी याचा अर्थ जन्मवर्ष खोटेच मागे सरकणे.

उरलेले सुमारे १०० मिलिग्रॅम एनॅमल निर्वात नळीत फॉस्फोरिक आम्लाने ९० अंश सेल्सिअसला विरघळवतात. सुटलेला कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून लोखंडाच्या भुकटीवर ग्रॅफाइटमध्ये बदलतात आणि ते ग्रॅफाइट प्रवेगक वस्तुमान वर्णपटमापकात जाते. हे यंत्र कार्बन-१४ च्या अणूंचा ऱ्हास होण्याची वाट पाहत नाही, अणू थेट मोजते. हिशेब करून पाहा : १०० मिलिग्रॅम एनॅमलमध्ये कार्बन सुमारे ०.४ मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीत ऱ्हास मोजायला साधारण एक ग्रॅम कार्बन लागायचा, म्हणजे पाव किलो एनॅमल. कोणत्याही माणसाच्या तोंडात तेवढे नसते. प्रवेगकाची पद्धत १९७७ मध्ये आली. त्यामुळे १९६८ च्या तपासकांना हा मार्ग उपलब्धच नव्हता.

आकडा वाचणे, आणि वाटेतला सपाट पट्टा

दोन दातांवरून निष्कर्ष आला : जन्म १९५८ ते १९६२ दरम्यान.

पाच वर्षांचा हा पट्टा काहींना रुंद वाटेल. पद्धतीची चूक दीड वर्षाची असताना इथे एवढे अंतर का? यंत्र कमी अचूक होते असे नाही, यंत्राची चूक टक्क्याच्या अंशात असते. मला यामागे मुख्यतः त्या वर्षांचा इतिहास दिसतो. नोव्हेंबर १९५८ च्या सुमारास अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने स्वेच्छेने चाचण्या थांबवल्या. सप्टेंबर १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने त्या पुन्हा सुरू केल्या आणि ऑक्टोबरमध्ये नोव्हाया झेम्ल्यावर आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब फोडला. मधल्या काळात हवेतली पातळी चढली नाही. १९५९ मध्ये ती साधारण १.२५ च्या आसपास होती आणि १९६१ पर्यंत तिथेच, किंबहुना जरा खाली, रेंगाळली. मग १९६२ आणि १९६३ मध्ये ती झपाट्याने वर गेली.

सपाट पट्ट्यावर वर्ष वाचता येत नाही. पातळी १.२२ म्हणजे १९५९ ही असू शकते आणि १९६१ ही. दुसरा धोका असा की या काळात पातळी किंचित उतरत असल्याने दोन दातांची तुलनाही चकवू शकते. उशिराच्या दातात पातळी थोडी कमी निघाली तर घाईने ‘उतार, म्हणजे १९८० चे दशक’ असे लिहिले जाईल.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आकडे या प्रकरणातले नाहीत. समजा दुधाच्या दाढेत १.१२ आणि कायमच्या पहिल्या दाढेत १.२२ मिळाले. दुधाच्या दाढेचा मुकुट गर्भात सुरू होऊन पहिल्या वर्षाच्या अखेरीस संपतो, म्हणून त्याचा मध्य जन्माच्या आसपास धरायचा. १.१२ ही हवेतली पातळी १९५८ च्या सुमाराची, तेव्हा जन्म १९५८ च्या आसपास. कायमच्या दाढेच्या मुकुटाचा मध्य दीड वर्षाच्या आसपास. १.२२ म्हणजे १९५९ ते १९६१ मधले काहीही, त्यातून दीड वर्ष वजा केले की १९५७ चा मध्य ते १९५९ चा मध्य. दोन्ही पट्टे एकमेकांवर ठेवले की १९५८ उरते. एकट्या कायमच्या दाढेवरून हे साधले नसते. आधी घडलेल्या दाताने सपाट पट्ट्याच्या आधीचा चढ पकडला, म्हणून जमले.

मुकुट दोन-तीन वर्षे घडत असतो, हेही विसरू नये. १९६२ पासून घडू लागलेल्या दाढेत १९६२ च्या कमी आणि १९६४ च्या फार जास्त पातळीची सरासरी येते. ती सरासरी प्रत्यक्षात त्या सबंध काळात हवेत जेमतेम काही महिने होती.

सापडल्याची तारीख हाच मोठा पुरावा

या प्रकरणात चढ की उतार हा प्रश्न दातांखेरीज आणखी एका गोष्टीने सुटतो. कवटी १९६८ मध्ये सापडली. १९६८ मध्ये हवेतली पातळी अजून १.५ च्या वर होती. म्हणजे त्याहून कमी पातळी असलेला दात उतारावरचा असूच शकत नाही, कारण ती उतरण तोवर झालेलीच नव्हती. १९८० च्या दशकाची शक्यता एका नोंदवहीतल्या तारखेने निकाली निघते. नमुना कधी सापडला याची खात्रीची नोंद असणे हे दुसऱ्या दाताइतकेच मोलाचे असते. मी चौथ्या पर्यायाबद्दल ठोस म्हणालो ते यासाठीच.

जन्मवर्ष हाती आले की वय मिळवायचे. १९५८ ते १९६२ मध्ये ४.४ वर्षे, एक वर्ष इकडेतिकडे मिळवली की मृत्यू साधारण १९६१ ते १९६७ दरम्यान येतो. वरची मर्यादा १९६८ च्या आत बसते, म्हणजे स्वतंत्रपणे मिळालेली तीन टोके, दातांची वाढ, कार्बन आणि सापडल्याची तारीख, एकमेकांशी भांडत नाहीत. तीन टोके जुळणे हीच इथली खरी तपासणी होती. समजा जुना ७ ते ९ चा अंदाज खरा धरला असता, तर मृत्यू १९६५ ते १९७१ मध्ये गेला असता आणि पट्ट्याचा बराचसा भाग कवटी सापडल्यानंतरचा ठरला असता.

ओळख

आता शोध एका छोट्या चौकटीत आला : १९५८ ते १९६२ मध्ये जन्मलेले, साडेतीन ते साडेपाच वर्षांचे असताना १९६८ च्या आधी बेपत्ता झालेले मूल. डीएनए तपासणीत तो मुलगा असल्याचे कळले. मायटोकॉन्ड्रियाचा क्रम, जे मूल हे असावे असा तर्क होता त्याच्या मातृवंशातल्या एका हयात नातेवाइकाशी जुळला. या एकत्रित पुराव्यावर कायदेशीर ओळख मान्य झाली.

वर म्हटल्याप्रमाणे मायटोकॉन्ड्रियाचा जुळणारा क्रम एकट्याने पुरत नाही. पण त्याच मातृवंशात, त्याच वर्षांत जन्मलेला, त्याच वयात बेपत्ता झालेला दुसरा मुलगा असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. कार्बनने नाव दिले नाही. त्याने डीएनएच्या उत्तराला वजन दिले.

निर्णयाचे टप्पे, आणि काय वेगळे करता आले असते

१९६८ चा वयाचा अंदाज तेव्हाच दुसऱ्या हाताखालून जायला हवा होता. जबड्याचे क्ष-किरण चित्र त्या काळीही काढता येत होते आणि दातांच्या वाढीचे तक्तेही उपलब्ध होते. जुना आकडा कागदावर अधिकाराने बसतो आणि दशकानुदशके शोधाची दिशा ठरवतो. थंडावलेले प्रकरण उघडताना जुन्या अहवालातले वय, लिंग आणि उंची वाचण्याआधी ती नव्याने मोजावीत आणि मगच जुना अहवाल उघडावा.

दुसरा टप्पा दात निवडण्याचा. एकच दात देता येत असेल तर कोणता? अशा वयात मी सर्वांत आधी घडलेला, म्हणजे दुधाचा दात निवडेन, कारण त्याचा घडण्याचा काळ छोटा आणि जन्माला चिकटलेला असतो, त्यामुळे सरासरीचा घोळ कमी. पण दुधाच्या दाताचे एनॅमल पातळ असते आणि १०० मिलिग्रॅम भरणे कठीण जाते, शिवाय त्याचा काही भाग आईच्या आहारातून आलेला असतो. कायमच्या दाढेत एनॅमल भरपूर, पण काळ लांब. म्हणून दोन्ही द्यावेत. आणि दात देण्याआधी त्यांचे फोटो, क्ष-किरण आणि साचे घेऊन ठेवावेत. डीएनएसाठी लागणारा दात वेगळा राखून ठेवावा, कारण अल्कलीत ठेवलेल्या दातातून डीएनए मिळत नाही.

तिसरा टप्पा आहाराचा, आणि उत्तरेकडच्या नदीकाठी तो टाळता येत नाही. समुद्राच्या पाण्यात बॉम्बचा कार्बन हळू शिरला आणि हवेइतका कधीच चढला नाही. सॅमनसारखा मासा समुद्रात वाढून नदीत येतो, त्याच्या मांसात समुद्राची कमी पातळी असते. असे मासे भरपूर खाणाऱ्या आईच्या आणि मुलाच्या दातात पातळी हवेपेक्षा कमी उतरते. चढावर त्याचा परिणाम म्हणजे जन्मवर्ष खऱ्याहून आधीचे वाचले जाणे, उतारावर ते खऱ्याहून नंतरचे वाचले जाते. साठवलेले धान्य, सुकवलेले मांस आणि डबाबंद अन्नही हवेच्या मागे काही महिने ते वर्षभर रेंगाळते. त्याच एनॅमलमधल्या स्थिर कार्बन-१३ चे प्रमाण पाहिले तर आहाराचा इशारा मिळतो. शंका असेल तर पट्टा रुंद ठेवावा, नेमके वर्ष लिहून मोकळे होऊ नये.

चौथा टप्पा कमी बोलला जातो. नमुना ज्या प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडला जातो तिथे पूर्वी कार्बन-१४ लावलेली औषधे किंवा रसायने वापरली असतील, तर त्यांचा अदृश्य अंश नमुना बिघडवतो. निकाल २ च्या वर आला तर हवेत एवढी पातळी क्वचितच होती हे ओळखून लगेच संसर्गाचा संशय घ्यावा. निकाल १.०० च्या खाली आला तर दोन शक्यता : दात खरोखर १९५५ च्या आधीचा, किंवा संग्रहालयात लावलेला डिंक, लाख, रेझिन आत राहिला. खनिज तेलापासून बनलेल्या रेझिनमध्ये कार्बन-१४ नसतोच. म्हणून अवशेषांवर कधी काय लावले, याची नोंद दाताबरोबर जायला हवी.

हीच पद्धत आपल्याकडे वापरायची झाली तर

वर्ष वाचण्यासाठी योग्य प्रदेशाची नोंद लागते, कारण बहुतेक चाचण्या उत्तर गोलार्धात झाल्या आणि दक्षिणेकडे पातळी उशिरा आणि कमी चढली. मोसमी वाऱ्यांच्या प्रदेशात उन्हाळ्या-पावसाळ्यात दक्षिणेची हवा येते. आपल्या भागासाठी यातली एक मोलाची नोंद ठाणे परिसरातल्या सागाच्या वाढवलयांतून मिळालेली आहे. उत्तर कॅनडाचा आलेख घेऊन कोकणातल्या दाताचे वर्ष वाचले तर शिखराच्या जवळच्या वर्षांत चूक वाढते. प्रवेगकावर कार्बन-१४ मोजण्याची सोय दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहे.

खरी अडचण त्याआधीची आहे. बेवारस मृतदेहाचे दहन झाले की हा मार्ग बंद होतो. चितेच्या उष्णतेत एनॅमल तडकते आणि त्यातले कार्बोनेट निघून जाते किंवा धुरातल्या कार्बनशी अदलाबदल करते, मग लाकडाचे वय मोजले जाते, माणसाचे नाही. अंत्यविधीआधी दोन दात काढून ठेवले तर ते वर्षानुवर्षे टिकतात : शक्यतो एक पहिली दाढ आणि एक अक्कलदाढ, कारण त्यांच्या घडण्यात दहा वर्षांच्या आसपास अंतर असते आणि चढ-उताराचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. किडलेले, भरलेले, कॅप लावलेले दात टाळावेत. दात फॉर्मेलिनमध्ये किंवा प्लास्टिकच्या ओलसर पिशवीत ठेवू नयेत. स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात ठेवावेत. पाकिटावर प्रकरण क्रमांक, दाताचे नाव, उजवा की डावा, वरचा की खालचा, आणि अवशेष सापडल्याची तारीख लिहावी.

अशा दातावरून काय मिळणार नाही, हेही आधीच ठरवून घ्यावे. १९४० च्या आधी जन्मलेल्याची अक्कलदाढही चाचण्यांपूर्वी पुरी झालेली असते, त्यामुळे तिथे ‘१९४० च्या आधी’ एवढेच कळते. आणि अलीकडच्या काही वर्षांत हवेतली पातळी पुन्हा १.०० च्या आसपास आली आहे, म्हणून आज जन्मणाऱ्या मुलाचा दात उद्या चाचण्यांपूर्वीच्या दातासारखा दिसेल. तपासकाने प्रयोगशाळेला दात पाठवताना सोबत हा प्रश्न लिहून द्यावा : माझ्याकडच्या यादीतली ही माणसे या या वर्षी जन्मली, यातल्या कोणाला हा दात वगळू शकतो? त्याच पत्रात आहार, प्रदेश आणि सापडल्याची तारीख असली की उत्तर देणाऱ्याला पट्टा किती अरुंद करता येईल ते ठरवता येते.